पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनचंच पान: दोष बहुतेक एका जुन्या कुकीचा

प्रश्न: कामाच्या एका पोर्टलवर पासवर्ड टाकला की पान क्षणभर हलतं आणि परत लॉगिनच्याच पानावर येतं. चूक असल्याचा काही मेसेज नाही. इन्कॉग्निटोत मात्र नीट चालतं. शेवटच्या तासाचा डेटा पुसला, ब्राउझर बंद करून उघडला, फरक नाही. मागे एकदा सगळंच पुसल्यावर सुटलं होतं, पण काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. नक्की कुठे बघू?

उत्तर:

मी वेब ॲप्सच्या सपोर्टचं काम करतो आणि अगदी याच लक्षणांची केस मला स्वतःच्या मशीनवर दोन आठवडे छळत होती. तुम्ही दिलेल्या माहितीतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे इन्कॉग्निटोत चालतं ही. पासवर्ड, खातं, नेटवर्क आणि सर्व्हर यांच्यावरचा संशय तिथेच जवळजवळ संपतो.

क्रोममध्ये इन्कॉग्निटो उघडलं की तीन गोष्टी एकदम बदलतात. जुन्या कुकीज नसतात, एक्स्टेन्शन्स बंद असतात (तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर), आणि थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटपेक्षा दुसऱ्याच साइटच्या कुकीज, अडवल्या जातात. तिसरी गोष्ट नेहमीच्या विंडोपेक्षा कडक आहे. कडक जागी चालतंय आणि सैल जागी अडतंय, म्हणजे ‘थर्ड-पार्टी कुकीज चालू करा’ हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला तुमच्या कामाचा नाही. उरले दोनच संशयित: एखादं एक्स्टेन्शन किंवा एखादी जुनी कुकी.

एक्स्टेन्शनचा निकाल दोन मिनिटांत लागतो. `chrome://extensions` उघडा, सगळी बंद करा आणि लॉगिन करून बघा. जमलं तर अर्धी चालू करून पुन्हा बघा, मग उरलेल्यांतली अर्धी, असं करत दोषी एकावर या. ब्लॉकरचं बटण फक्त त्या साइटपुरतं बंद करून समाधान मानू नका, कारण बऱ्याच जणांकडे दोन ब्लॉकर असतात आणि दुसरा विसरलेला असतो. टॅब दुसऱ्या डोमेनवर गेला की आधीच्या डोमेनच्या कुकीज आपोआप पुसणारी एक्स्टेन्शन्सही असतात. लॉगिन वेगळ्या डोमेनवर होत असेल तर तिकडे जाऊन परत येईपर्यंत पोर्टलची कुकी साफ झालेली असते.

पण ‘सगळं पुसलं की सुटतं, काही दिवसांनी परत’ हे वाचून माझा कल कुकीकडे आहे. एक्स्टेन्शन दोषी असतं तर पुसून काही दिवसांचीही उसंत मिळाली नसती.

आता लॉगिनच्या वेळी काय घडतं ते थोडक्यात. पासवर्ड बरोबर असला की सर्व्हर उत्तरात `Set-Cookie` पाठवतो आणि तुम्हाला आतल्या पानाकडे वळवतो. ब्राउझर आतलं पान मागताना ती कुकी सोबत दाखवतो. तिकडचा कोड कुकी बघतो, ओळखली तर आत घेतो, नाहीतर लॉगिनच्या पानाकडे परत धाडतो. म्हणून चुकीचा मेसेज दिसत नाही: पासवर्ड तपासणाऱ्या भागाचं काम नीट झालेलं असतं, नकार पुढच्या दारावर मिळतो आणि त्या दाराला बोलायची सवय नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. लॉगिनच्या पानावर F12 दाबा, `Network` टॅब उघडा, `Preserve log` वर खूण करा (नाहीतर पान बदललं की नोंदी पुसल्या जातात) आणि प्रकारांमधून `Doc` निवडा. मग लॉगिन करा. चार-पाच ओळी दिसतील: लॉगिनची विनंती, तिला 302 म्हणजे ‘दुसऱ्या पानाकडे जा’ असं उत्तर, मग आतल्या पानाची विनंती, तिलाही 302, आणि पुन्हा लॉगिन. पहिल्या 302 च्या `Response Headers` मध्ये `Set-Cookie` आहे का बघा आणि आतल्या पानाच्या `Request Headers` मध्ये `Cookie` ही ओळ वाचा. कुकी आलीच नाही तर दोष सर्व्हरकडे. आली पण पुढच्या विनंतीत गेली नाही तर ब्राउझरने किंवा एक्स्टेन्शनने ती अडवली. आली, गेली, तरी हाकललं, तर सर्व्हरला ती पटली नाही. माझ्याकडे हा तिसरा प्रकार होता, आणि `Cookie` ची ओळ अशी होती (नावं आणि किमती बदलल्या आहेत):

```
Cookie: session_id=a81f03; session_id=7c20e9
```

एकाच नावाच्या दोन कुकीज! मला वाटायचं एका नावाची एकच कुकी राहते आणि नवीन आली की जुनी जाते. तसं नाही. ब्राउझर कुकी ओळखतो ती नाव, डोमेन आणि पाथ या तिन्हींवरून. एक कुकी `portal.example.com` पुरती होती आणि दुसरी `example.com` व त्याच्या सगळ्या सबडोमेन्ससाठी. ब्राउझरच्या लेखी या दोन वेगळ्या कुकीज, आणि पोर्टलवर जाताना दोन्ही लागू. पण सर्व्हरकडे जाताना डोमेन सोबत जात नाही. फक्त नाव आणि किंमत जाते, त्यामुळे कुठली आपली हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही.

मग क्रम कसा ठरतो? कुकीजचं मानक RFC 6265 सांगतं की लांब पाथवाली आधी आणि पाथ सारखे असतील तर आधी तयार झालेली आधी. सर्व्हरने या क्रमावर विसंबू नये असंही तिथेच म्हटलंय, पण बरेच सर्व्हर पहिली दिसेल ती उचलतात. आमच्याकडे पहिली होती ती जुनी, परकी कुकी. नवी, खरी कुकी तिच्या मागे उभी होती आणि तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं. कितीही वेळा लॉगिन करा, बदलते ती मागचीच.

ही परकी कुकी आली कुठून, हे शोधायला मला जास्त वेळ लागला. त्याच कंपनीची कागदपत्रांची जुनी साइट `docs.example.com` वर होती. तिचा कोड जुना, कुकीचं नाव तेच, आणि डोमेन आख्खं `example.com`. म्हणजे ज्या दिवशी मी सकाळी आधी कागदपत्रं उघडायचो आणि मग पोर्टलवर लॉगिन करायचो, त्या दिवशी अडकायचो. उलट क्रमाने उघडलं तर पोर्टलची कुकी आधी तयार झालेली असायची, तीच पुढे लागायची आणि सगळं सुरळीत. मला हे लहरी वाटत होतं, आणि होतं ते अगदी शिस्तीत. तुमच्याकडे ‘काही दिवसांनी पुन्हा’ होतं त्यामागे असंच एखादं भावंड असू शकतं, म्हणून अडकण्याआधी त्याच कंपनीची दुसरी कुठली साइट उघडली होती ते आठवून बघा.

तुमचे उपाय का फसले तेही यातून कळतं. ‘शेवटचा तास’ निवडून पुसलं की त्या तासात तयार झालेल्याच कुकीज जातात. दोषी कुकी सकाळची किंवा महिन्यापूर्वीची असेल तर ती शाबूत राहते आणि गेलेली असते ती बिचारी नवी. ब्राउझर बंद केल्याचाही भरवसा नाही. मुदत नसलेली कुकी ब्राउझर बंद होताच जायला हवी, पण क्रोमला ‘जिथे सोडलं तिथून सुरू कर’ असं सांगून ठेवलं असेल तर तो तीही परत आणतो. मुदतीची कुकी तर राहणारच.

सगळं पुसून बाकीच्या पंचवीस साइट्समधून बाहेर पडायची गरज नाही. F12 मध्येच `Application` टॅब उघडा (फायरफॉक्समध्ये `Storage`), डावीकडे `Cookies` खाली पोर्टलचा पत्ता निवडा. तक्त्यात `Name`, `Value`, `Domain`, `Path` हे रकाने दिसतील. एकच नाव दोनदा दिसलं की `Domain` वाचा. सुरुवातीला टिंब असलेली, `.example.com` सारखी, ती सगळ्या सबडोमेन्सवर जाणारी. ती ओळ निवडून Delete दाबा आणि पान पुन्हा उघडा. नाव दोनदा नसेल, पण जुनीच एक कुकी अडून बसली असेल, तर त्या पत्त्याच्या सगळ्या ओळी काढा. फार तर त्या साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागेल, आणि ते तर तुम्ही तसंही करताय.

एक सावधगिरी: त्या तक्त्याचा किंवा `Cookie` च्या ओळीचा स्क्रीनशॉट इथे किंवा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. चालू लॉगिनची कुकी ज्याच्या हाती पडेल तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो. नाव आणि डोमेन दाखवा, किंमत झाका.

आणखी एक शक्यता, पटकन तपासण्यासारखी. पोर्टल बुकमार्कवरून उघडता का? बुकमार्क लॉगिनच्या पानाचा असेल आणि पत्त्यात `state=` नंतर लांबलचक अक्षरं असतील, तर ती त्या एका वेळेपुरती होती. दर वेळी तीच शिळी अक्षरं पाठवल्यावर काही पोर्टल्स निमूट परत लॉगिनवर आणतात. बुकमार्क पोर्टलच्या मुख्य पानाचा करा.

हे वाचणाऱ्या कुणाचं उलटं असेल, म्हणजे नेहमीच्या विंडोत चालतं आणि इन्कॉग्निटोत, सफारीत किंवा फायरफॉक्समध्ये गरगरतं, तर मात्र थर्ड-पार्टी कुकीजवर खरा संशय आहे. ओळखायची खूण अशी की पान पासवर्ड न विचारताच पुढे-मागे लुकलुकत राहतं. पोर्टल एका लपवलेल्या फ्रेममधून लॉगिनच्या वेगळ्या डोमेनला विचारतं, ‘हा माणूस आत आहे ना?’ फ्रेममध्ये कुकी अडवल्यामुळे उत्तर ‘नाही’ येतं. मग पोर्टल पूर्ण पान तिकडे नेतं, तिथे कुकी चालते, उत्तर ‘हो’ येतं, परत आल्यावर पोर्टल पुन्हा फ्रेममधून विचारतं. सफारीने मार्च 2020 पासून या कुकीज पूर्ण बंद केल्या आणि फायरफॉक्सने जून 2022 मध्ये त्या साइटगणिक वेगळ्या ठेवणं सगळ्यांसाठी सुरू केलं. अशा वेळी क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीतल्या डोळ्याच्या चिन्हावरून किंवा फायरफॉक्समध्ये ढालीवरून फक्त त्या साइटला सूट द्या. सगळ्या साइट्ससाठी संरक्षण उठवायचं कारण नाही.

तुमच्या केसमध्ये दोन सारखी नावं सापडली तर पोर्टल सांभाळणाऱ्यांना ते नाव आणि दोन्ही डोमेन लिहून कळवा. कायमचा इलाज त्यांच्या हातात आहे: पोर्टलच्या कुकीचं नाव बदलणं. तोवर लॉगिनचं पान दाखवताना त्यांनी ही एक ओळ पाठवली तरी परकी कुकी निघून जाईल:

```
Set-Cookie: session_id=; Domain=example.com; Path=/; Max-Age=0
```

यात `Domain` लिहायला विसरले तर पोर्टलची स्वतःचीच कुकी पुसली जाते आणि परकी जागच्या जागी राहते. आमच्याकडे पहिल्या प्रयत्नात नेमकं तेच झालं होतं.