ड्रायव्हरांसाठी लायसन, चलान आणि कागदपत्रांचं सर्क्युलर: नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: माझ्या 7 गाड्या आहेत, 5 पिकअप आणि 2 आयशर. ड्रायव्हरांचं लायसन कधी संपतं मलाच माहीत नसतं, चलान येतात ती कोणी भरायची यावरून दर महिन्याला वाद. एकदाच काय ते लेखी सर्क्युलर काढावं म्हणतोय. कुणी काढलंय का? काय काय लिहावं?

उत्तर:

काढलंय, दोनदा. पहिलं अडीच पानांचं होतं, सीएच्या ऑफिसातल्या पोराकडून टाईप करून घेतलेलं, "सर्व चालकांना याद्वारे सूचित करण्यात येते की" वगैरे. कुणीही वाचलं नाही. एकाने त्यावर पोहे खाल्ले, मी स्वतः बघितलं. दुसरं एका पानाचं आहे आणि ते चालतंय. माझ्या 9 गाड्या आहेत, नाशिकला अंबड-सातपूरच्या कंपन्यांचा माल उचलतो, तुमच्यासारखंच पिकअप आणि आयशर मिक्स.

सगळ्यात आधी लायसनचं, कारण मी तिथेच आपटलो. लायसनच्या कार्डावर दोन तारखा असतात, `Validity (NT)` आणि `Validity (TR)`. एनटी म्हणजे साधी गाडी, मोटरसायकल-कार वगैरे, ती तारीख लांबची असते. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, ती 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षांची मिळते, आधी 3 ची मिळायची. ड्रायव्हरला विचारलं "लायसन कधीपर्यंत आहे" की तो लांबची तारीख सांगतो, खोटं बोलत नाही बिचारा, त्याला तीच दिसते.

आमचा एक जण वर्षानुवर्षं पिकअपवर होता. आयशरवाला लग्नाला गावी गेला म्हणून मी याला आयशरवर बसवलं, हात चांगला आहे, आधी ट्रक चालवलेला, मला काही शंकाच नाही. हायवेला वायुवेग पथकाने अडवलं, लायसन बघितलं तर एनटी 2029 पर्यंत आणि टीआर तीन महिन्यांपूर्वीच संपलेली. कलम 181 खाली त्याला 5000 आणि लायसन नसलेल्याला गाडी दिली म्हणून कलम 180 खाली मला 5000. वर गाडी तिथेच उभी, रात्रीच्या एसटीने दुसरा ड्रायव्हर पाठवला, माल सकाळऐवजी दुपारी पोचला आणि पार्टीचं जे ऐकून घेतलं ते वेगळंच.

आता यातली गंमत बघा, तोच माणूस पिकअपवर असता तर चाललं असतं. ज्या गाडीचं ग्रॉस वजन 7500 किलोपर्यंत आहे ती एलएमव्ही लायसनवर चालवता येते, मालवाहू असली तरी, हे सुप्रीम कोर्टाने 2017 ला सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या बेंचने कायम केलं. पण आयशरमध्ये मॉडेलप्रमाणे वजन त्याच्या वर जातं, आरसीवर बघून घ्या तुमच्या दोन्हीचं, वर असेल तर तिथे टीआर जिवंतच पाहिजे. म्हणून नुसती "लायसनची तारीख" लिहून ठेवून उपयोग नाही, कोण कुठल्या गाडीवर बसू शकतो हे लिहावं लागतं. मी एका शीटमध्ये नाव, एनटी, टीआर आणि चौथ्या रकान्यात "आयशर चालेल / फक्त पिकअप" असं ठेवलंय आणि गाडी लावणाऱ्या पोराला सांगितलंय की बदली ड्रायव्हर देताना चौथा रकाना बघितल्याशिवाय चावी द्यायची नाही. दंडाचं एक वेळ सोडा, अपघात झाला असता तर इन्शुरन्सवाल्यांनी आपल्या गाडीचा क्लेम नाकारला असता आणि समोरच्याला दिलेले पैसे माझ्याकडून वसूल करायला आले असते.

रिन्यूअलचं ड्रायव्हरांच्या डोक्यात दोन गैरसमज पक्के असतात. एक, संपल्यावर महिनाभर चालतं. ती 30 दिवसांची सवलत आधी कायद्यात होती, 2019 च्या दुरुस्तीत काढून टाकली, आता संपलं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून संपलं. दुसरा, संपल्याशिवाय रिन्यू करताच येत नाही. तसं नाहीये, संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. उलट संपून एक वर्षाच्या वर गेलं की परत ड्रायव्हिंग टेस्ट. 20 वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला टेस्ट ट्रॅकवर उभं राहायची फार लाज वाटते, मी बघितलंय.

मी तीन महिने आधीची मुदत ठेवलीय, आणि ती उगाच नाही. ट्रान्सपोर्टला फॉर्म 1A म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, वय काहीही असलं तरी, आणि त्यात 25 मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का हे असतं. पन्नाशीच्या ड्रायव्हरला शुगर असते, मोतीबिंदू सुरू झालेला असतो, चष्मा करून घे म्हटलं की त्यात पंधरा दिवस जातात. दुसरं म्हणजे जुन्या पुस्तकवाल्या लायसनची नोंद `sarathi.parivahan.gov.in` वर कधीकधी सापडतच नाही, मग जिथून लायसन काढलं त्या आरटीओतून बॅकलॉग एन्ट्री करून आणावी लागते. आमचा बीडचा एक जण त्यासाठी दोनदा गावी जाऊन आला. अशा माणसाचं दिवाळीच्या सुट्टीला जोडून करून घ्या.

चलानच्या वादाचं मूळ असं की मेसेज जातो आरसीला लागलेल्या मोबाईलवर, म्हणजे मालकाला, आणि चूक केलेली असते ड्रायव्हरने तीन आठवड्यांपूर्वी. तोपर्यंत त्याला आठवत पण नाही. माझा तर आरसीवरचा नंबरच जुना होता, बंद पडलेला, एका गाडीची 11 चलानं साठलेली मला फिटनेसच्या वेळी कळली. आधी तुमचे सातही नंबर तपासा. आता मी दर 1 आणि 16 तारखेला `mahatrafficechallan.gov.in` वर सगळ्या गाड्या टाकून बघतो, आणि आलेलं चलान त्या दिवसाच्या बिल्टीशी जुळवतो, कोण होता, कुठे होता. फोटो उघडून बघणं मस्ट. एकदा चलान आलं त्या दिवशी गाडी गॅरेजला इंजिन उतरवून ठेवलेली होती, फोटोत बघितलं तर दुसराच टेम्पो, नंबरातला 3 चा 8 वाचलेला. साइटवरच तक्रारीची सोय आहे, गॅरेजचं बिल जोडलं, रद्द झालं. हे न बघता ड्रायव्हरचे पैसे कापले असते तर तो माणूस गेला असता, आणि बरोबर केलं असतं त्याने. तसंही पगारातून कापायचं तर आधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते, सही घेऊन ठेवली म्हणजे काहीही कापता येतं असं नाही.

वाटणी सरळ ठेवा. ज्याच्या हातात जे होतं ते त्याचं. बेल्ट, मोबाईल, सिग्नल, स्पीड हे ड्रायव्हरचं. पीयूसी, इन्शुरन्स, फिटनेस, ओव्हरलोड हे मालकाचं. मधली दोन भांडणं लावतात. टेल लाइट किंवा रिफ्लेक्टर, तर निघायच्या आधी सांगितलं असेल तर माझं, नाही सांगितलं तर त्याचं. आणि नो एंट्री, तिथे मी स्वतःवर घेतलं, कारण खरं सांगायचं तर "जा रे, काही होत नाही, पार्टी थांबलीय" हे फोनवर सांगणारा मीच असतो.

हे माझं सध्याचं, मोठ्या अक्षरात एका बाजूला छापलेलं, मागच्या बाजूला हेच हिंदीत:

"सर्व ड्रायव्हर बंधूंना नमस्कार.

तुमच्या लायसनवर दोन तारखा आहेत. TR समोरची तारीख आपली. ती संपायच्या तीन महिने आधी ऑफिसला सांगा, फॉर्म आणि डॉक्टरची फी ऑफिस देईल, त्या दिवसाची हजेरी लागेल. TR संपली असेल तर त्या दिवसापासून आयशर मिळणार नाही, कुणीही सांगितलं तरी चावी घेऊ नका.

रस्त्यात पावती झाली की त्याच दिवशी फोटो पाठवा. ऑनलाइन आलेलं चलान ऑफिस तुम्हाला फोटोसकट दाखवेल, तुमचं म्हणणं ऐकेल, मगच कुणी भरायचं ते ठरेल. बेल्ट, मोबाईल, सिग्नल, स्पीड तुमच्याकडे. कागद, ओव्हरलोड आणि ऑफिसने पाठवलेली नो एंट्री ऑफिसकडे. काट्यावर वजन जास्त दिसलं तर गाडी हलवायच्या आधी फोन करा.

लायसन ओरिजिनल खिशात. गाडीच्या फाइलमध्ये आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, टॅक्स. बिल्टी आणि ई-वे बिलावर गाडी नंबर तोच आहे का बघूनच निघा. व्हॉट्सअॅपवर चलानची फाइल आली तर उघडू नका."

शेवटची ओळ का, तर चलानच्या नावाने एपीके फाइल पाठवून फोन हॅक करतात, आमच्या एकाचे बँकेतले पैसे गेले तसे.

कागदपत्रांचं एकच सांगतो. मोबाईलमधला फोटो म्हणजे कागद नव्हे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उघडून दाखवलं तर ते 2018 पासून नियमातच धरलंय, पण गॅलरीतला आरसीचा फोटो दाखवून साहेबांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरच्या डिजीलॉकरमध्ये त्याचं लायसन टाकून द्या, ते पाच मिनिटांचं काम आहे फक्त आधारचा मोबाईल नंबर चालू पाहिजे. गाडीचं मात्र एमपरिवहनमध्ये टाकून द्या, आणि फाइल ठेवाच, घाटात रेंज नसते आणि चार्जिंग तर यांचं कधीच नसतं. आमच्याकडे फाइल सीटमागे असायची, पावसाळ्यात ओली होऊन इन्शुरन्सची शाई पसरली, आता झिपच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यात असते.

आणि सर्क्युलर ग्रुपवर टाकून थांबू नका. मी पगाराच्या दिवशी एकेकाला समोर बसवून वाचून दाखवलं, तिथेच त्याचं लायसन मागून दोन्ही तारखांचा फोटो काढला. 9 जणांत 2 जणांची टीआर चार महिन्यांत संपणार होती आणि एकाची आधीच संपलेली निघाली, तो त्याच दिवशी संध्याकाळी आयशर घेऊन भिवंडीला निघणार होता.