साक्षीदार नसलेला आरोप अहवालात कसा तोलायचा?

प्रश्न: आमच्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी नवीन सदस्य आहे. लैंगिक छळाच्या एका तक्रारीची सुनावणी संपली, अहवाल मला लिहायला सांगितला आहे. त्याची मांडणी कशी करू? एका आरोपाला साक्षीदारच नाही, त्याचं काय करायचं? आणि शिक्षा समितीने सुचवायची की एचआरने?

उत्तर:

मी काही कारखान्यांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक अहवालांत एकच उणीव असते. वीस पानं दोघांचे जबाब जसेच्या तसे उतरवलेले असतात आणि शेवटी दोन ओळी: ‘समितीचे असे मत झाले की आरोप सिद्ध होतात.’ मत झालं, पण कशावरून? ते कुठेच नसतं. अपिलात पहिला घाव तिथेच बसतो. म्हणून तुमचा वेळ आणि पानं त्या मधल्या जागेवर खर्च करा.

सुरुवातीचा भाग कोरडा आणि छोटा ठेवा. समितीवर कोण होतं, तक्रार कोणत्या तारखेला आली, प्रत प्रतिवादीला कधी दिली (सात कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते), त्याचं उत्तर कधी आलं, सुनावण्या कोणकोणत्या तारखांना झाल्या, प्रत्येक सुनावणीला कोण हजर होतं. पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य प्रत्येक वेळी हवेत, हे या नोंदीतूनच दिसतं. कोणते कागद कोणाला कधी दाखवले आणि उलटतपासणी कशी झाली, तेही इथेच लिहा. समोरासमोर बसायला तक्रारदार तयार नसेल आणि तुम्ही प्रतिवादीचे प्रश्न लेखी घेऊन तिला विचारले असतील, तर तसं स्पष्ट नोंदवा. हा भाग उपचार समजून उरकू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात (ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य) समितीने सुनावण्या घाईघाईने लागोपाठ घेतल्या, प्रतिवादीला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण परत समितीकडे पाठवलं. तक्रारी होत्या २००९ च्या. एवढ्या वर्षांनी तक्रारदार मुलींच्या हाती काय लागलं, याचा विचार करा.

यानंतर तक्रारीतून आरोप सुटे करा. तक्रार करणारी बाई सगळं एका दमात लिहिते आणि तिने तसंच लिहावं. पण समितीने त्यातली प्रत्येक घटना वेगळी काढून तिला क्रमांक द्यायचा. प्रत्येक आरोपाखाली चार गोष्टी: ती काय म्हणते, तो काय म्हणतो, त्या मुद्द्यावर पुरावा काय आहे, आणि तो पाहून समितीला काय पटलं व का.

एक प्रकरण उलगडून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सुटे भाग बनवणारा कारखाना, तक्रारदार गुणवत्ता विभागात परिविक्षेवर असलेली इंजिनिअर, प्रतिवादी तिचा सुपरवायझर. तक्रार २ मेची, आरोप चार.

पहिला, रात्रीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. तिने स्क्रीनशॉट दिले होते. स्क्रीनशॉट कापलेला असू शकतो, म्हणून आम्ही सुनावणीत तिच्या फोनवरच पूर्ण संभाषण पाहिलं, नंबर, तारखा आणि वेळा उतरवून घेतल्या आणि त्या नोंदीवर हजर सदस्यांच्या सह्या घेतल्या. रात्री दहानंतरचे अकरा मेसेज होते. प्रतिवादीने मेसेज नाकारले नाहीत. त्याचं म्हणणं एवढंच की ही थट्टा होती आणि तीही स्मायली पाठवत होती. तिने दोनदा स्मायली पाठवली होती हे खरं, आणि आम्ही ते अहवालात लिहिलं. पण ९ जानेवारीला तिने ‘सर प्लीज, कामाचंच बोला’ असंही लिहिलं होतं आणि त्यानंतर त्याचे आणखी चार मेसेज आले होते. नोकरीत कायम करण्याचा शेरा ज्याच्या हाती, त्याला पाठवलेल्या स्मायलीचा अर्थ संमती असा घेता येत नाही. नकोसेपणा तिच्या शब्दांत स्पष्ट होता. सिद्ध.

दुसरा, कँटीनमध्ये तिच्या कपड्यांवरून केलेली शेरेबाजी. दोन साक्षीदारांना वेगवेगळं बसवून विचारलं, दोघांनी तेच वाक्य सांगितलं. तिसरा म्हणाला, ‘आठवत नाही.’ आठवत नाही म्हणजे घडलं नाही असं होत नाही, एवढं नोंदवून आम्ही तोही सिद्ध मानला.

तिसरा तुमच्या प्रश्नातला. १४ फेब्रुवारीला दुपारी गेज ठेवण्याच्या खोलीत त्याने तिला धरलं. तिथे तिसरं कोणी नव्हतं. समितीतले एक सदस्य म्हणाले, ‘तिचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द, सोडून द्या.’ असं सोडून देणं म्हणजे आपलं काम न करणं. असे प्रकार बहुधा कोणी पाहत नसतानाच होतात. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. दोन्हींपैकी काय घडलेलं असण्याची शक्यता जास्त, एवढं पारडं झुकलं की पुरे. पण ते कशाने झुकलं, हे दाखवावं लागतं.

त्याने लेखी उत्तरात म्हटलं होतं, ‘त्या दिवशी मी त्या खोलीत गेलोच नाही, तीन वाजता मीटिंगमध्ये होतो.’ मीटिंगच्या इतिवृत्तात ती ३:१० ला संपल्याची नोंद होती. गेज देण्याच्या रजिस्टरमध्ये ३:२५ ची नोंद, घेणारी ती आणि मंजुरीची सही त्याची. रजिस्टर समोर ठेवल्यावर तो म्हणाला, ‘गेलो असेन, पण ती तिथे नव्हती.’ म्हणजे दोन वेगळी उत्तरं, आणि दुसरं पुराव्यासमोर बदललेलं. ३:५० ला तिने बहिणीला फोन केला, कॉलची नोंद अकरा मिनिटांची. बहीण म्हणाली, ती रडत होती आणि हेच सांगत होती. बहिणीने घटना पाहिलेली नाही, तेव्हा तिच्या जबाबाला प्रत्यक्षदर्शीचं वजन देता येत नाही. पण घटनेनंतर पंचवीस मिनिटांत तिने हेच सांगितलं होतं, हे त्यातून दिसतं.

आता तिच्या बाजूच्या कच्च्या जागा. त्या लपवल्या तर अहवाल वकिलाचा युक्तिवाद होतो. तक्रारीत तिने ‘कमरेला हात लावला’ लिहिलं, जबाबात ‘पाठीला, खाली’ म्हणाली. आम्ही लिहिलं की मुख्य गोष्ट दोन्हीकडे तीच आहे आणि असा फरक आठवणीत पडू शकतो. तक्रार अडीच महिन्यांनी का? शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, त्यात ती बसत होती. शिवाय एप्रिलअखेर ती कायम होणार होती आणि पत्र हातात पडल्यावरच तिने तक्रार केली. हे कारण आम्हाला पटलं. तो म्हणाला, ‘मी तिला चुकांबद्दल मेमो दिला, त्याचा हा सूड.’ मेमो काढून पाहिला तर २० मार्चचा. बहिणीला केलेला फोन १४ फेब्रुवारीचा. मार्चमधल्या मेमोचा सूड फेब्रुवारीत उगवता येत नाही. माझ्या मते आमच्या अहवालातलं सगळ्यात भक्कम वाक्य हेच, आणि ते दोन कागदांच्या तारखा शेजारी ठेवल्यामुळे सापडलं. सिद्ध.

चौथा, नकार दिल्यामुळे तिची एप्रिलमधली रजा नाकारली. रजेच्या नोंदवहीत त्याच आठवड्यात विभागातल्या आणखी तिघांची रजा ग्राहकाच्या ऑडिटमुळे नाकारलेली होती. सिद्ध होत नाही. तिला वाईट वाटलं, पण समितीने प्रत्येक आरोप वेगळा तोलला हे त्यातूनच दिसलं.

निष्कर्षाच्या भागात सिद्ध झालेलं वर्तन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत कुठे बसतं ते सांगा: शारीरिक स्पर्श, लैंगिक सूचक शेरे, किंवा नकोसं असलेलं इतर वर्तन. ‘वर्तन अशोभनीय होते’ एवढं पुरत नाही. त्याचा स्वभाव, तिचं खासगी आयुष्य, विभागातलं राजकारण यांवर एक शब्दही नको.

एक पायरी अनेक समित्या गाळतात. दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत अहवाल पक्का करण्याआधी दोघांना द्यायची आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायची, असं कलम ११ सांगतं. मी सहसा शिफारशी न जोडता निष्कर्ष देते, आलेलं म्हणणं आणि त्याला समितीचं उत्तर अहवालात घालते. यासाठी दिवस राखून ठेवा. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि ती संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाकडे द्यायचा असतो.

शिफारस समितीच करते, एचआर नव्हे. मालकाने त्या शिफारशीवर ६० दिवसांत कारवाई करायची. तुमच्याकडे सेवानियम किंवा स्थायी आदेश असतील तर शिक्षा त्यातलीच हवी, म्हणून ते कागद आधी मागवा. नसतील तर २०१३ च्या नियमांत लेखी माफीपासून वेतनवाढ रोखणं, समुपदेशन, बडतर्फीपर्यंत पर्याय दिले आहेत. ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहू नका, मालक त्यातून हवा तो अर्थ काढतो. आम्ही लिहिलं: एक वेतनवाढ रोखावी, लेखी ताकीद द्यावी, समुपदेशन, तिच्या कामाचं मूल्यमापन त्याच्याकडून काढून घ्यावं. बदली करायची तर त्याची, तिने मागितल्याशिवाय तिची नाही. समुपदेशकाकडे तिने केलेला खर्च बिलांप्रमाणे त्याच्या पगारातून भरपाई म्हणून द्यावा, हेही. भरपाई सुचवताना मानसिक त्रास, नोकरीतलं नुकसान, औषधपाण्याचा खर्च आणि त्याची आर्थिक स्थिती पाहायची असते. आकडा कसा काढला ते एका ओळीत लिहा.

चौथा आरोप सिद्ध झाला नाही तेव्हा प्रतिवादीने तिच्यावर खोट्या तक्रारीबद्दल कारवाई मागितली. आम्ही त्यावर वेगळा परिच्छेद लिहिला: आरोप सिद्ध करता न येणं एवढ्यावरून कलम १४ लागत नाही, त्यासाठी तिचा दुष्ट हेतू स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. रजा नाकारली गेली हे खरंच होतं, तिने काढलेलं कारण तेवढं नोंदींशी जुळलं नाही.