घटतं ते नेमकं काय? ‘घटते सीमांत फल’ या शब्दाबद्दल

प्रश्न: एमबीएच्या मॅनेजेरियल इकॉनॉमिक्सच्या क्विझमध्ये विचारलं होतं की घटते सीमांत फल कधी सुरू होते. मी ‘एकूण उत्पादन कमी होऊ लागल्यावर’ हा पर्याय निवडला तर चूक दिलंय. घटते म्हणजे कमी होणारे ना? मग हा शब्द वाचायचा तरी कसा, आणि पुढे कॉस्ट कर्व्ह आणि पूर्ण स्पर्धेच्या प्रश्नांतही तोच घोळ होतोय तो कसा सोडवायचा?

घटते म्हणजे कमी होणारेच, त्यात तुमचं काही चुकलं नाही, पण कमी होणारं काय ते बघा. ‘घटते’ हे विशेषण ‘फल’ला लागलंय, एकूण उत्पादनाला नाही. आणि ‘सीमांत फल’ म्हणजे शेवटचा एक माणूस (किंवा एक पोतं खत, एक मशीन-तास) वाढवल्यामुळे उत्पादनात जी भर पडली ती भर, तेवढीच. मराठीत ‘भर पडणे’ हा इतका छान वाक्प्रयोग आहे की मी स्वतः हा शब्द मनात कायम ‘घटती भर’ असाच वाचते. भर कमी कमी पडत गेली तरी ढीग वाढतच असतो. क्रिकेटमध्ये पहिल्या दहा ओव्हरमध्ये आठच्या गतीने रन झाले आणि पुढच्या दहामध्ये पाचच्या गतीने झाले तर धावगती घटली म्हणतो आपण, स्कोअर घटला असं कुणी म्हणत नाही. महागाईचा दर कमी झाला अशी बातमी आली की लोक विचारतात मग डाळ स्वस्त का नाही झाली, तिथेही हीच गफलत आहे, वाढण्याचा वेग कमी झालाय, भाव नाही.

मुळात ‘फल’ शब्द इथे का आला तेही सांगते. ही कल्पना शेतीतून आलीये. 1815 साली इंग्लंडमध्ये धान्याच्या आयातीवरच्या कायद्यांवरून वाद पेटला होता तेव्हा माल्थस, वेस्ट आणि रिकार्डो यांनी आपापल्या पुस्तिकांमधून मांडलं की जमीन तेवढीच ठेवून तिच्यावर अधिकाधिक मजूर आणि भांडवल लावत गेलं तर दर वाढीव मजुरामागे मिळणारं पीक कमी होत जातं. म्हणजे जमिनीतून मिळालेलं फळ, म्हणून फल. आपल्याकडे याच नियमाला कुणी ‘घटत्या उत्पादन फलाचा’ म्हणतं, कुणी ‘ऱ्हासमान’ शब्द वापरतं, आणि मला विचाराल तर ‘ऱ्हासमान’ने जास्त नुकसान केलंय कारण ऱ्हास म्हटलं की आपल्याला जंगलांचा ऱ्हास, मूल्यांचा ऱ्हास असं काहीतरी लयाला जातंय असं वाटतं, आणि इथे तर लयाला काहीच जात नसतं.

आता आकड्यात बघू. माझ्या आत्याचं पोळीभाजी केंद्र होतं, एक खोली, दोन शेगड्या, दोन तवे, एक मोठी परात. तिचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत, हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवून घेते, पण घडायचं ते असंच घडायचं. एकटी बाई असेल तर मळणं, लाटणं, भाजणं सगळं तीच करणार, दिवसाला 200 पोळ्या. दुसरी आली की एक लाटते एक भाजते, हात रिकामे राहत नाहीत, एकूण 500, म्हणजे दुसरीने 300ची भर घातली. तिसरी कणीक मळायला आणि गोळे करायला, एकूण 750, भर 250. चौथी आली तर आता लाटलेली पोळी तव्याची वाट बघत पोळपाटावर पडून राहायला लागते, एकूण 910, भर 160. पाचवीने एकूण 990 होतात, भर फक्त 80. आणि सहावी आली तर खोलीत कोपराला कोपर लागतं, परात सरकवायला जागा नाही, एकूण 970, म्हणजे भर उणे 20.

तुमच्या क्विझचं उत्तर इथेच आहे. घटती भर तिसऱ्या बाईपासून सुरू झाली, कारण 300 वरून 250 झाली. तुम्ही निवडलेला पर्याय सहाव्या बाईचा आहे, तिथे भर घटती नाही तर उणी झालीये, ती वेगळी अवस्था आहे. मधल्या तीन बायकांच्या वेळी एकूण पोळ्या वाढतच होत्या. आणि हो, तिसरी बाई आळशी आहे म्हणून भर कमी झाली असं समजू नका, सगळ्या सारख्याच कामसू आहेत, शेगड्या दोनच आहेत हे कारण आहे. याच कारणाला पुस्तकात ‘अल्पकाळ’ म्हणतात, आणि हा शब्दही फसवा आहे, त्याचा कॅलेंडरशी संबंध नाही. निदान एक घटक बदलता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. आत्याला तिसरी शेगडी आणि जास्तीची जागा मिळेपर्यंत तिचा अल्पकाळच चालू होता, मग ते दोन महिने असोत नाहीतर चार वर्षं.

आता कॉस्ट कर्व्ह. इथे नवीन काही शिकायचं नाहीये, हेच टेबल उलटं धरायचं. समजा बाईचा रोज 480 रुपये आणि दर पोळीला पीठ, तेल, गॅस मिळून 3 रुपये. दुसऱ्या बाईच्या 480 रुपयांत 300 पोळ्या आल्या म्हणजे त्या पोळ्यांची मजुरी पडली 1.60, सामान धरून 4.60. तिसरीच्या पोळ्यांना 1.92 मजुरी, एकूण 4.92. चौथीच्या 3 रुपये मजुरी, एकूण 6. पाचवीच्या 6 रुपये मजुरी, एकूण 9. हा झाला सीमांत खर्च, म्हणजे मार्जिनल कॉस्ट. (पहिलीचा 5.40 होता, म्हणजे आधी उतरला आणि मग चढला, तो इंग्रजी यूसारखा आकार येतो तो असा.) भर जिथून घटायला लागली नेमका तिथूनच सीमांत खर्च चढायला लागला, कारण एकच गोष्ट दोन बाजूंनी लिहिलीये. बाईचा रोज तोच राहिला, त्यात मिळणाऱ्या वाढीव पोळ्या कमी झाल्या, की दर वाढीव पोळी महाग पडणारच.

पण इथे दुसरा सापळा असतो आणि तो क्विझवाल्यांचा आवडता आहे. ‘सीमांत खर्च वाढू लागला की सरासरी खर्चही वाढतो’, चूक की बरोबर? चूक. आत्याचा स्थिर खर्च, म्हणजे भाडं, भांड्यांची झीज आणि तिच्या स्वतःच्या दिवसाचा मोबदला धरून, रोजचा 900 धरा. तीन बायका असताना सगळा खर्च 4590, भागिले 750, पोळीमागे 6.12. चार बायकांना 5550 भागिले 910, साधारण 6.10. म्हणजे सीमांत खर्च 4.92 वरून 6 वर चढला तरी सरासरी किंचित उतरलीच, कारण चौथीच्या पोळ्या 6ला पडल्या आणि आधीची सरासरी 6.12 होती, नवीन आलेला आकडा सरासरीपेक्षा कमी असेल तोवर तो तिला खालीच ओढणार. पाचवीच्या पोळ्या 9ला पडतात, सरासरीच्या वर, म्हणून ती 6.33 होते. आलेखात मार्जिनलची रेषा सरासरीच्या सगळ्यात खालच्या टोकाला कापून वर जाते असं जे पाठ करतात ते हे एवढंच आहे.

मग थांबायचं कुठे? बऱ्याच जणांना वाटतं की फल घटायला लागलं की थांबावं, तसं केलं तर आत्या दुसऱ्या बाईवरच थांबली असती. पूर्ण स्पर्धा म्हणजे अशा पोळ्या करणारी घरं गल्लोगल्ली आहेत, पोळी सगळ्यांची सारखीच मानली, भाव आत्याच्या हातात नाही, कँटीनवाला 7 रुपये देतो तर 7च. अशा वेळी वाढीव पोळीचा खर्च भावापेक्षा कमी आहे तोवर बाई घ्यायची. चौथीचा 6 आहे, घ्या. पाचवीचा 9 आहे, नको. ताळा करून बघा, तीन बायकांना दिवसाला 660 उरतात, चौघींना 820, पाच जणींना परत 660. म्हणजे समतोल घटत्या भरीच्या आतच येतो, आणि तो तसाच यायला हवा, कारण चढत्या भरीच्या भागात तर पुढची पोळी अजून स्वस्त पडत असते, तिथे कोण थांबेल. म्हणून ‘किंमत = सीमांत खर्च’ची दोन उत्तरं निघत असतील तर सीमांत खर्च चढता आहे ते उत्तर घ्यायचं.

भाव 5.50 वर आला तर? चौथी परवडत नाही, तिघी राहतील. विक्री 4125, बायकांचा रोज आणि सामान मिळून 3690, हातात 435. त्यातून 900 जायचे म्हणजे 465चा तोटा, तरी केंद्र चालूच ठेवायचं कारण बंद ठेवलं तर पूर्ण 900चा तोटा आहे. रोज आणि सामान मिळून 3690 भागिले 750, पोळीमागे 4.92, हा झाला सरासरी बदलता खर्च, त्याच्याही खाली भाव गेला की मात्र रोज आणि सामानही सुटत नाही, तेव्हा अल्पकाळात कुलूप. ‘तोट्यात आहे म्हणजे बंद करावं’ हा पर्याय दिसला की आधी सरासरी बदलता खर्च शोधा, एकूण सरासरी खर्च नाही.

आणि ‘दीर्घकाळात नफा शून्य’ हेही शब्दाचंच भांडण आहे. आत्याचा स्वतःचा मोबदला आपण 900 मध्ये आधीच धरलाय, त्यामुळे शून्य म्हणजे ती फुकट राबतेय असं नाही, याला ‘सामान्य नफा’ म्हणतात. 820 वर उरतात हे दिसलं की शेजारची दोन घरंही तवा चढवतात आणि भाव 7 वरून सरकत 6.10च्या आसपास येतो, तिथे नवीन कुणाला यावंसं वाटत नाही.

एक शब्द अजून वेगळा ठेवा, ‘प्रमाणाचे घटते फल’. नाव जवळजवळ तेच, गोष्ट दुसरी. आत्याने खोली, शेगड्या, बायका सगळंच दुप्पट केलं आणि पोळ्या मात्र दुपटीपेक्षा कमी झाल्या, तर ते हे, आणि ते दीर्घकाळातलं आहे. प्रश्नात ‘इतर घटक स्थिर’ असं असेल तर आपली घटती भर, ‘सर्व घटक एकाच प्रमाणात वाढवले’ असं असेल तर हे दुसरं.