चुनकळी आणि सोडा: स्टील स्लॅग व लाल चिखलाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गोदामाच्या आवारात स्टील स्लॅगचा भराव टाकून वर काँक्रीट केलं. दबाई चोख होती, तरी वर्षभरात काँक्रीट जागोजागी उचललं गेलं. असं का?

स्लॅग म्हणजे पोलाद करताना भट्टीत उरणारी मळी. तुमच्या स्लॅगमध्ये न विरलेली चुनकळी राहिली होती. पोलाद करताना भट्टीत चुना टाकतात. त्यातला काही पूर्ण वितळत नाही आणि स्लॅगच्या खड्यांत अडकून राहतो. पाणी पोचलं की तो विरतो आणि त्याचं घनफळ जवळजवळ दुप्पट होतं. तुमच्या स्लॅगमध्ये अशी चुनकळी 5 टक्के होती असं धरू. 30 सेंटिमीटर जाडीच्या थरात ती दीड सेंटिमीटरच्या आसपास जागा व्यापते, आणि विरल्यावर तेवढीच आणखी जागा मागते. काही वाढ खड्यांमधल्या पोकळीत जिरते. पण तुम्ही दबाई चोख केलीत, म्हणजे पोकळी कमीच उरली. बाजूंना सरकायला वाव नाही, मग वाढ वरच जाणार. चुनकळी सगळीकडे सारखी नसते, म्हणून काँक्रीट सपाट न उचलता फोड आल्यासारखं जागोजागी उचललं गेलं.

माझं स्पष्ट मत आहे: काँक्रीटच्या खाली बंदिस्त भरावाला कच्चा स्टील स्लॅग कधीच वापरू नये.

प्रश्न: पुरवठादार म्हणतो, माल सहा महिने उघड्यावर मुरवलेला आहे. खात्री कशी करायची?

आधी विचारा, माल फोडून मुरवला की मुरवून फोडला? मोठ्या ढेकळांच्या पोटात पाणी शिरत नाही. ढिगाच्या बाहेरच्या थरावर कवच धरतं आणि आतला माल वर्षानंतरही कोरडाच सापडतो. म्हणून आधी मॅग्नेटने लोखंड काढून, खडी हव्या त्या मापाला फोडून, बेताच्या उंचीचा ढीग करतात. त्याला पाणी देतात आणि तो अधूनमधून उलथतात. वाफेवर मुरवलं तर हेच काम काही दिवसांत होतं.

फिनॉल्फ्थॅलिनने गुलाबी रंग येतो का, एवढ्यावर विसंबू नका. विरून निरुपद्रवी झालेला चुनाही तोच रंग देतो. खरी कसोटी वाफेची: दाबून भरलेल्या नमुन्यातून 24 तास वाफ सोडायची आणि तो किती फुगतो ते मोजायचं. मॅग्नेशियम ऑक्साइड 5 टक्क्यांहून जास्त असेल तर हीच चाचणी 168 तास चालवतात, कारण ते फार सावकाश विरतं. रस्त्यात त्याचा फुगवटा काही वर्षांनीही दिसू शकतो.

नीट मुरवलेल्या स्लॅगची खरी जागा डांबरी रस्त्याच्या वरच्या थरात आहे. खडे टणक आणि धारदार असल्याने चाकांना पकड मिळते, डांबराच्या लेपामुळे पाणी आत जात नाही, आणि थोडा फुगवटा डांबर सहन करतं. फक्त हा माल नेहमीच्या खडीपेक्षा जड असतो. तेवढ्याच रस्त्याला जास्त टन लागतात, त्यामुळे वाहतूक लांबची असेल तर हिशोब बिघडतो.

प्रश्न: ॲल्युमिना कारखान्यातल्या लाल चिखलाच्या विटा करून पाहिल्या. भाजल्यावर उत्तम दिसल्या, पण पुढे पांढरा थर आला. बाद समजायच्या का?

तो लोणा आहे आणि त्याचं मूळ सोड्यात आहे. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून ॲल्युमिना काढतात आणि उरलेला गाळ म्हणजे लाल चिखल. टनभर ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन. वीट पुरेशी भाजली नाही तर सोडा मोकळाच राहतो, पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि पापुद्रे सुटतात. चिखलाचं प्रमाण कमी करा, सिलिका असलेली माती वाढवा आणि भाजणीचं तापमान वाढवा. मग सोडा काचेसारख्या बंधात अडकतो.

प्रश्न: चिखल आधी ॲसिडने धुतला तर?

पीएच उतरतो आणि काही दिवसांनी पुन्हा चढतो. पाण्यातला सोडा निघून जातो, पण बराचसा सोडा बॉक्साइटमधल्या सिलिकाशी जुळून सोडालाइटसारख्या खनिजात बसलेला असतो आणि तिथून हळूहळू सुटत राहतो.

प्रश्न: मग सिमेंट कारखाने हा चिखल सरसकट का घेत नाहीत?

घेतात, पण चिमटीने. त्यातलं लोखंड आणि ॲल्युमिना त्यांना हवंच असतं, सोडा नको असतो. टनभर क्लिंकरला, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांना, सुमारे 1.55 टन कच्चा माल लागतो. त्यात 3 टक्के कोरडा चिखल म्हणजे साधारण 46 किलो. चिखलात सोडियम ऑक्साइड 5 टक्के असेल तर क्लिंकरमध्ये सुमारे 2.3 किलो, म्हणजे 0.23 टक्के वाढ. सोडा हा अल्कलीतच मोजला जातो आणि कमी अल्कलीच्या सिमेंटची मर्यादा 0.6 टक्के. चुनखडी आणि मातीतूनच 0.4 आले असतील तर मर्यादा ओलांडली गेली. अशा सिमेंटबरोबर अल्कलीला संवेदनशील खडी आली की काँक्रीट काही वर्षांनी आतून तडकतं.

ओलावा ही दुसरी अडचण. चिखल इतका बारीक असतो की पाणी सोडत नाही. फिल्टर प्रेसने पिळून घट्ट वडी केली तरच तो ट्रकमध्ये भरता येतो आणि भट्टीचं इंधन पाणी उडवण्यात जात नाही. पातळ चिखल तलावात साठवण्याचा धोका हंगेरीत अजका इथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी दिसला: बांध फुटला, लाल लोंढा गावांत शिरला आणि दहा माणसं गेली. त्यामुळे वापर ठरलेला नसला तरी पिळण्याची व्यवस्था आधी उभारा.