टाइमशीटवरची तास-मिनिटं दशांशात कशी आणायची?

प्रश्न: टाइमशीटवर रोजचं काम ७:४५, ८:२० असं लिहिलेलं असतं. मी ते ७.४५, ८.२० असं टाकून बेरीज करतो आणि ताशी दराने गुणतो. पण कामगार म्हणतात पैसे कमी भरतात. कुठे चुकतंय?

उत्तर:

कामगारांचं बरोबर आहे. मिनिटांना ६० ने भागायचं आणि येईल ते तासांत मिळवायचं, एवढंच करायचं राहिलंय. ४५ भागिले ६० म्हणजे ०.७५, म्हणून ७:४५ चे ७.७५ तास. पावणेआठ म्हणून बघा, लगेच पटेल.

दशांश टिंबानंतरचे दोन आकडे तासाचे शंभर भाग धरून मोजलेले असतात आणि तासाचा शंभरावा भाग म्हणजे ३६ सेकंद. तुम्ही ७.४५ लिहिलंत की त्या ४५ मिनिटांतल्या प्रत्येक मिनिटाला फक्त ३६ सेकंदांचे पैसे मिळतात. म्हणजे पूर्ण तासांचा हिशोब चोख, पण वरच्या मिनिटांचे ४० टक्के गायब. म्हणूनच ही चूक कायम एकाच बाजूला जाते आणि दर आठवड्याला तीच तक्रार येते.

एका माणसाचा आठवडा घेऊ. सोमवारपासून शनिवारपर्यंत ७:४५, ८:२०, ७:५०, ८:१०, ७:४० आणि ५:२५. ताशी दर १८० धरा. तुमच्या पद्धतीने बेरीज येते ४३.९० आणि पैसे ७,९०२. आता सरळ पद्धतीने करू. तासांची बेरीज ४२. मिनिटांची बेरीज १९०, म्हणजे ३ तास १० मिनिटं. एकूण ४५ तास १० मिनिटं. ४५ तासांचे ८,१०० आणि १० मिनिटांचे ३०, मिळून ८,१३०. फरक २२८ चा, आणि तोही एका माणसाच्या एकाच आठवड्यात.

त्या ४३.९० कडे नीट बघा, चूक तिथेच उघडी पडते. टिंबानंतर ९० आलेत, पण ९० मिनिटं कुठल्याच घड्याळात नसतात. कुणाचं शीट तपासायला आलं की मी आधी रोजच्या नोंदींचा रकाना वरून खाली वाचते. टिंबानंतर एकदाही ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला नाही, तर ते दशांश तास नसून तास-मिनिटंच आहेत असं समजायला हरकत नाही. खऱ्या दशांश तासांत .६७, .७५, .८३ असे आकडे सारखे दिसतात.

एक्सेलमध्ये करत असाल तर वेळ टिंबाने टाकूच नका, 7:45 अशीच टाका. एक्सेल वेळ दिवसाचा भाग म्हणून साठवतं, म्हणून तासांत आणायला २४ ने गुणावं लागतं. नोंदी B2 ते B7 मध्ये असतील तर:

```
=SUM(B2:B7)*24
=SUM(B2:B7)*24*180
```

पहिल्याचं उत्तर ४५.१६६७ च्या आसपास येईल, दुसऱ्याचं ८१३०. ज्या चौकटीत उत्तर येतं तिचा फॉरमॅट मात्र Number ठेवा, नाहीतर एक्सेल तिथेही वेळच दाखवत बसेल. नुसती बेरीज तास-मिनिटांत बघायची असेल तर फॉरमॅट [h]:mm द्या. साधा h:mm दिलात तर ४५:१० च्या जागी २१:१० दिसेल, कारण २४ तास पुरे झाले की तो पुन्हा शून्यापासून मोजतो. आत आकडा बरोबरच असतो, फक्त दिसताना दिवस गळतो. हे बघून घाबरून सूत्र बदलणारे बरेच असतात. आणि २४ ने गुणायचं राहिलं तर ७:४५ चे पैसे १,३९५ ऐवजी ५८ च्या आसपास येतात. ही चूक इतकी ढोबळ आहे की लपत नाही, त्यामुळे तिची मला फारशी काळजी वाटत नाही.

आता तुमच्याकडे आधीच टिंबाने भरलेली जुनी शीट असतील. त्यांच्यासाठी एक तयार फंक्शन आहे, नाव ऐकून चलनाचं वाटेल पण काम नेमकं हेच करतं:

```
=DOLLARDE(B2,60)
```

B2 मध्ये 7.45 असेल तर 7.75 मिळतं. गूगल शीट्समध्येही चालतं. हे रोजच्या नोंदीला एकेक करून लावायचं आणि मग बेरीज करायची. आधीच केलेल्या बेरजेला लावलंत तर वाट लागेल: 43.90 चे 44.50 होतील, आणि खरे तास तर ४५ च्या वर आहेत. तुमच्या बेरजेत ६० ऐवजी १०० मिनिटांना एक तास हातचा गेलेला असतो, ती ४० मिनिटं नंतर कुठलंही सूत्र परत आणू शकत नाही.

राउंडिंगचं थोडक्यात. २० मिनिटं म्हणजे ०.३३३३…, हे दोन आकड्यांत पूर्ण बसत नाही. तीनने भाग जाणारी मिनिटंच दोन दशांशांत चोख बसतात: ३ मिनिटं ०.०५, ६ मिनिटं ०.१, ४५ मिनिटं ०.७५. बाकीच्यांत दर नोंदीला १२ सेकंदांचा फरक पडतो. पण कुणी सहाही दिवस बरोबर २० मिनिटं जादा थांबला आणि तुम्ही रोज .३३ धरलं, तर दोन तासांचे १.९८ होतात. म्हणून मिनिटांची बेरीज आधी, भागाकार शेवटी एकदाच, आणि राउंड करायचं ते पैशांच्या आकड्यावर. नोंदी जवळच्या पाव तासाला धरायचा नियम तुमच्याकडे असेल तर तो वेगळा विषय, तो भागाकाराच्या आधी लावावा लागतो.

एक नोंद मात्र सूत्रावर सोडू नका. ८ तास ५ मिनिटं कुणी 8.5 अशी लिहिली असेल, तर ती ८:०५ आहे की ८:५० हे आकड्यावरून कळत नाही. कारण 8.50 टाकलं तरी एक्सेल शेवटचं शून्य उडवून 8.5 च दाखवतं. वर एखाद्याने खरोखर दशांशात, साडेआठ याच अर्थाने लिहिलेलं असू शकतं. तिन्ही अर्थांत मिळून ४५ मिनिटांपर्यंतचा फरक आहे आणि वरचं फंक्शन तिन्हींना ८:५० च धरेल. अशा नोंदी शोधून काढा, त्या दिवसाच्या येण्या-जाण्याच्या वेळा हजेरीत बघा, आणि त्यावरून 8:05, 8:30 किंवा 8:50 असं हाताने पुन्हा टाका.