‘रंग जातो’ याचं इंग्रजी काय?

“मी अमळनेरला बीए इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गल्लीतल्या काकू जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून एट्सी या ऑनलाइन बाजारावरून परदेशात विकतात. त्यांची माहिती आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न मी इंग्रजीत करून देते. इंग्रजी बरं आहे, तरी दोन गोधड्या परत आल्या. या कामात पुढे जाता येईल का?” – एक विद्यार्थिनी

येईल. पण गोधड्या परत येतात त्या व्याकरणापायी क्वचितच. मराठीतला एक शब्द दोन अर्थ पोटात घेऊन बसतो आणि भाषांतर करताना आपण त्यातला एकच उचलतो, तिथे घोटाळा होतो.

गिऱ्हाईक विचारतं, रंग जातो का? काकू म्हणतात, “पहिल्या धुण्यात थोडा जातो.” कापड फिकं पडतं, की रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागतो? इंग्रजीत पहिल्याला ‘फेड’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ब्लीड’. तू ‘फेड’ लिहिलंस आणि गिऱ्हाइकाची पांढरी चादर गुलाबी झाली, तर गोधडी परत येणारच. अंदाजाने लिहू नकोस. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून गडद काठावर वीसेक वेळा घास. तुकड्यावर रंग आला तर ‘ब्लीड’ लिही, आणि सुरुवातीला गार पाण्यात वेगळी धुवा, हेही सांग.

दुसरा फसवा शब्द ‘डबल’. आपण दोघांच्या कुठल्याही पलंगाला तो लावतो. अमेरिकेत डबल, म्हणजे फुल, गादी 54 × 75 इंचांची असते आणि क्वीन 60 × 80 ची. काकूंची गोधडी 60 × 90 असेल तर क्वीन गादीवर ती लांबीला पुरते, पण रुंदीला काठोकाठच बसते, बाजूंनी खाली येत नाही. म्हणून पलंगाचं नाव न देता मापच दे, सोबत सेंटिमीटरही: 152 × 229. हाताने शिवलेली गोधडी सगळीकडे सारखी नसते. रुंदी तीन ठिकाणी मोज आणि सर्वांत कमी भरेल ती लिही.

‘जुन्या साड्या’ म्हटलं की ‘व्हिंटेज’ लिहायचा मोह होतो. एट्सीवर तो शब्द किमान 20 वर्षं जुन्या वस्तूसाठी आहे. गोधडी नवी शिवलेली, साडीचं वय काकूंनाही आठवत नाही, तेव्हा तो टाळ. साडी सुती की मिश्र धाग्याची, हेही त्यांना विचारूनच लिही. ‘गोधडी’ शब्द मात्र ठेव, शेजारी ‘क्विल्ट’ घाल:

```
Godhadi quilt, hand-stitched from used cotton saris, 60 x 90 in
```

‘युज्ड’ लिहायला काकू बिचकतील. पण रफू आणि डाग फोटोत दिसतातच. ते आधी लिहिलेले असले तर पुढे भांडण होत नाही.

पैसे शब्दांवर घेऊ नकोस. वरच्या ओळीत शब्द मोजकेच आहेत, पण त्यामागे मोजणं, घासणं, काकूंना चारदा विचारणं आहे. दर गोधडीमागे दर ठरव आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांचे पैसे महिन्याला वेगळे घे. कस्टमचे पैसे कोण भरणार, पार्सल कधी निघणार, यांची उत्तरं काकूंच्या तोंडून आल्याशिवाय पाठवू नकोस. ते वचन त्यांना पाळायचं असतं.