पानं गर्द हिरवी म्हणजे झाड खूश, हे कुणी ठरवलं?

प्रश्न: फोटोत दिसणारी पानांची जाडी, रंग आणि दोन पानांमधलं अंतर यावरून झाडाला ऊन लागतं की सावली, हे ओळखता येतं का?

अर्धवट येतं. पान सांगतं ते आजवर किती उजेड मिळाला ते. किती हवाय, हे ते थेट सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत आमच्या घरात इतकी झाली आहे की प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

माझे दीर डोंबिवलीला राहतात. त्यांनी घरच्या ग्रुपवर मोगऱ्याचा फोटो टाकला. कुंडी बाल्कनीत, ग्रिलच्या आत, भिंतीला लागून. पानं तळहाताच्या निम्म्याएवढी, गर्द हिरवी, कुठे डाग नाही. खाली लिहिलं होतं, "बघा, सावलीत कसा मस्त आलाय. नर्सरीवाला म्हणालाच होता." सगळ्यांनी अंगठे दिले. मी विचारलं, "भाऊजी, कळ्या कुठे आहेत?" ऐन एप्रिल होता. मोगरा फुलायचा नाही तर कधी फुलायचा?

मी फोटो मोठा करून बघितला. उन्हातल्या मोगऱ्याची पानं लहान आणि चामड्यासारखी असतात, किंचित आत वळलेली. जोड्या इतक्या जवळजवळ की मधली काडी जेमतेम दिसते. भाऊजींच्या झाडावर दोन जोड्यांमध्ये माझी चार बोटं मावली असती. काडी बारीक, सगळा शेंडा ग्रिलच्या दिशेने झुकलेला, खालच्या अंगाची पानं गळून गेलेली. पानांच्या मागून उजेड येत होता आणि त्या उजेडात शिरांची जाळी स्पष्ट दिसत होती. फोटोत जाडी ओळखायची ती अशी. पान उजेडासमोर धरलं की पातळ पान काचेसारखं उजळतं आणि जाड पान काळपट राहतं. वरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत जाडी कळत नाही, नुसती चकाकी दिसते.

कमी उजेडात झाड पान रुंद आणि पातळ करतं, म्हणजे मिळेल तेवढा उजेड जास्त जागेवर झेलता येतो. हरितद्रव्यही जास्त भरतं, म्हणून रंग गडद होतो. त्या गर्दपणाला आपण तब्येत समजतो. भर उन्हातलं पान उलट आखूड आणि जाड असतं, कारण उजेड पकडणाऱ्या उभ्या पेशींचे थर वाढतात, आणि रंग थोडा पोपटी दिसतो. तो पोपटी रंग बघून लोक घाबरतात आणि कुंडी आत नेतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही नाशिकला गच्चीवर झाडं लावता, आमच्या फ्लॅटचं वेगळं असतं." वेगळं काय असतं? मोगरा तोच ना? त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, डोंबिवली असो की नाशिक.

शेवटी जाऊबाईंनी कुंडी गच्चीवर नेली, तीही थेट भर दुपारच्या उन्हात. आठवड्याभरात पानं करपली आणि भाऊजींनी विजयी मुद्रेने दुसरा फोटो टाकला. तो फोटो मात्र बघण्यासारखा होता. पानांवर पांढरट, कागदासारखे कोरडे चट्टे, तेही फक्त आभाळाकडे तोंड असलेल्या भागावर. एका पानावर वरच्या पानाची सावली पडत होती, तेवढाच भाग हिरवा उरला होता, वरच्या पानाच्या आकाराचा. बुरशीचे डाग असे सावली चुकवून पडत नाहीत. हे उन्हाचं भाजणं होतं, पण त्यावरून मोगऱ्याला ऊन सोसत नाही असं ठरत नाही. सावलीत तयार झालेलं पान पुढे जाड होत नाही, ते भाजून गळतं. नवं पान येतं ते नव्या उजेडाच्या हिशोबाने. म्हणून झाड हलवल्यावर जुन्या पानांकडे बघूच नका, शेंड्याकडची नवी पानं आणि त्यांच्यातलं अंतर बघा. आणि हलवायचं ते हळूहळू, आधी सकाळचं ऊन, मग वाढवत न्यायचं.

नवी फूट आली ती आखूड, जाड पानांची, आणि टोकाला कळ्या. भाऊजींचं म्हणणं, हा शेणखताचा गुण. आजही तेच म्हणतात. त्यांना मी त्यांचाच पहिला फोटो दाखवते. त्यात उजव्या कोपऱ्यात एक फांदी ग्रिलमधून बाहेर गेली आहे. तिची पानं आतल्या पानांच्या निम्मी, अंतर कमी, रंग फिका, आणि टोकाला एक कळी. कुंडी एक, माती एक, पाणी एक, खत एक. मग त्या फांदीलाच खत लागू पडलं का? तुम्हालाही असं काही ठरवायचं असेल तर एकाच झाडाच्या दोन फांद्या शोधा, एक उजेडातली आणि एक आतली. यापेक्षा चांगला पुरावा फोटोत मिळत नाही.

आता जाडीचं, कारण "जाड पान म्हणजे ऊन" हा नियम सगळीकडे फिरतो आणि तो अर्धाच खरा आहे. एकाच झाडाची दोन पानं तुलनेला घेतली तर चालतो, दोन वेगळ्या झाडांना लावला की फसतो. स्नेक प्लांट आणि झीझी यांची पानं जाड असतात ती पाणी साठवायला, आणि दोन्ही घरातल्या कमी उजेडात तग धरतात. फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं पान मांसल असतं, पण दुपारच्या उन्हात ठेवलंत तर भाजतं. उलट तुळस, भेंडी, झेंडू यांची पानं पातळ, तरी सगळ्यांना ऊन हवं. म्हणून आधी झाडाचं नाव शोधा. अनोळखी झाडाचा एकच फोटो बघून गरज सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो नर्सरीवाला का असेना. त्याच्याकडची रोपं तर बहुतेक हिरव्या जाळीखालीच वाढलेली असतात. तिथली पानं त्या जाळीची हकीकत सांगतात.

रंगाबाबत एवढंच की फोन रंग बदलतो. कुंडीशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. कागद पिवळा किंवा निळा दिसला तर पानाच्या रंगावरून काही बोलू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते ऊन जास्त झाल्याचं लक्षण नाही, लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या कुंड्यांत हे फार दिसतं, आणि लोक कुंडी सावलीत नेऊन मोकळे होतात.

दोन गोष्टी राहिल्या. युरिया जास्त पडला तरी पानं मोठी, गर्द होतात आणि अंतर वाढतं, पण तेव्हा काडी जाडजूड असते आणि झाड एका बाजूला झुकत नाही. आणि मोगरा पावसाळ्यात भर उन्हातही लांब, वेलीसारखे फुटवे सोडतो, त्यामुळे जुलैतला फोटो बघून माझ्यासारखं कुणाशी भांडू नका. मार्च-एप्रिलचा फोटो काढा, आडवा नाही, उभा, शेंड्यापासून मातीपर्यंत सगळी काडी दिसेल असा. भाऊजींनी अजून तसा काढलेला नाही.